पूल अर्धा, नफा किती?

खाडीवरचा एक पूल कल्पून घ्या. सार्वजनिक बांधकाम विभागानं निविदा काढली, एका ठेकेदार कंपनीला काम मिळालं आणि किंमत ठरली १२० कोटी रुपये. पाईल, खांब, गर्डर, वरचा स्लॅब, दोन्ही बाजूंचे जोडरस्ते असं सगळं धरून खर्च १०० कोटींत बसेल, असा कंपनीच्या एस्टिमेट करणाऱ्यांचा हिशेब. म्हणजे वीस कोटी सुटतील. काम चार वर्षं चालणार. पहिल्या वर्षाचा ३१ मार्च उजाडतो तेव्हा पाण्यात पाईल उतरलेले असतात, दोन खांबांनी डोकं वर काढलेलं असतं आणि पुलावरून अजून सायकलसुद्धा जाऊ शकत नसते. या वर्षी कंपनीला नफा झाला का? झाला असेल तर किती?

सरळ वाटणारं उत्तर असं की पूल पुरा होईपर्यंत थांबावं. आडसाली ऊस लावणारा शेतकरी उभ्या फडाकडे बघून नफा मोजत नाही. ऊस तुटतो, कारखान्यावर वजन होतं, बिल येतं, मग तो वही उघडतो. ठेकेदारानंही तसंच करायला काय हरकत आहे? हरकत अशी की फड उभा असतो तेव्हा शेतकऱ्याला ना वजन ठाऊक असतं ना हातात पडणारा दर. ठेकेदाराचं गिऱ्हाईक मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेलं असतं, किंमत सही-शिक्क्यानिशी कागदावर असते, आणि बांधलेला प्रत्येक खांब सरकारी जागेत, सरकारच्या मालकीचा म्हणूनच उभा राहतो. त्याला विकायचं काहीच उरलेलं नाही. त्याचं कमावणं हे बांधण्यातच आहे, आणि बांधणं तर रोज चाललेलं आहे.

शेवटपर्यंत थांबलं तर आणखी एक गंमत होते. तीन वर्षं कंपनीच्या नफा-तोटा पत्रकात या पुलाचा मागमूस नाही आणि चौथ्या वर्षी एकदम वीस कोटी. त्या वर्षी कंपनीनं फार मोठी कर्तबगारी केली, असा बाहेरच्या माणसाचा समज होणार. पाच कामं एकाच वर्षी संपली तर विक्रमी नफा, एकही संपलं नाही तर शून्य. साइटवर माणसं तेवढीच राबत असली तरी. आपल्याकडे ही पद्धत एके काळी चालत होती. भारतीय सनदी लेखापालांच्या संस्थेनं १९८३मध्ये बांधकाम कंत्राटांसाठी लेखामानक सात काढलं, त्यात काम संपल्यावर नफा धरण्याची आणि कामाच्या टक्केवारीनं धरण्याची, अशा दोन्ही पद्धतींना मुभा होती. २००२ साली ते मानक सुधारलं तेव्हा पहिली मुभा काढून टाकली. तेव्हापासून ठेकेदारानं टक्केवारीनंच जायचं.

टक्केवारी कशी काढायची याचे मार्ग अनेक आहेत. प्रत्यक्ष मोजमाप घेता येतं, किती मीटर रस्ता झाला हे बघता येतं. पण सर्वात रुळलेला मार्ग खर्चाचा. आजवर झालेला खर्च वर, संपूर्ण कामाला लागणारा एकूण खर्च खाली. येईल तो अपूर्णांक म्हणजे पूर्ण झालेलं काम. तेवढ्या टक्क्यांनी किंमत उत्पन्नात घ्यायची, त्यातून झालेला खर्च वजा करायचा, उरेल तो नफा.

पहिल्या वर्षी आपल्या पुलावर ३० कोटी खर्च झाले, असं वहीत दिसतं. तीस भागिले शंभर, तीस टक्के? इथं ऑडिटर साइटवर जायचा हट्ट धरतो, आणि तो योग्य असतो. कारण त्या तीस कोटींत पाच कोटींच्या सळया आहेत, ज्या भाव वाढतील म्हणून कंपनीनं मार्चमध्ये उचलल्या आणि यार्डात रचून ठेवल्या. सळई खरेदी करणं म्हणजे पूल बांधणं नव्हे. ती उद्या दुसऱ्या साइटवरही जाऊ शकते. म्हणून ती मोजणीतून बाहेर काढायची, तिचा हिशेब शिल्लक मालात. उरले २५ कोटी, म्हणजे काम २५ टक्के. उत्पन्न १२० कोटींचे २५ टक्के, ३० कोटी. खर्च २५ कोटी. पहिल्या वर्षाचा नफा पाच कोटी.

सळया तशाच ठेवून तीस टक्के धरले असते तर नफा सहा कोटी दिसला असता. मार्च महिन्यात ट्रक मागवून नफा वाढवता येतो, हे ज्यांच्या लक्षात येतं ते नेमके मार्चमध्येच ट्रक मागवतात.

आता या पाच कोटींचा आणि बँकेतल्या पैशाचा संबंध काय? फारसा नाही. ठेकेदाराला पैसे मिळतात ते रनिंग बिलावर. साइटवर मोजमाप होतं, ते मेजरमेंट बुकात चढतं, विभागाचा अभियंता तपासून सही करतो, मग बिल पास होतं. त्यातून अनामत कापली जाते, सुरुवातीला उचललेल्या मोबिलायझेशन ॲडव्हान्सचा हप्ता कापला जातो, उरलेले पैसे यथावकाश येतात. आपल्या पुलाची पहिल्या वर्षात २४ कोटींची बिलं पास झाली असं धरू. उत्पन्न दाखवलं तीस कोटी. मधले सहा कोटी म्हणजे काम केलेलं, पण अजून बिलात न आलेलं: मोजायचं राहिलेलं, अर्धवट अवस्थेतलं, अभियंत्याच्या टेबलावर पडलेलं. ताळेबंदात ते ‘अनबिल्ड रेव्हेन्यू’ नावानं मालमत्तेच्या बाजूला बसतं. हे सहा कोटी ध्यानात ठेवावेत, ते पुढं कामाला येणार आहेत.

पहिल्याच वर्षी पाच कोटी नफा धरणं घाईचं नाही का, असा प्रश्न पडला तर तो रास्त आहे. बी.कॉम.ला परिव्यय लेखांकन शिकलेल्यांना जुना ठोकताळा आठवत असेल: काम पाव भागापेक्षा कमी झालं असेल तर नफा शून्य, पाव ते अर्धं झालं असेल तर दिसणाऱ्या नफ्याचा एक तृतीयांश, त्यापुढं दोन तृतीयांश, आणि वर पुन्हा मिळालेल्या रोख रकमेचं प्रमाण लावायचं. परीक्षेत गुण मिळवून देणारा हा नियम सावधपणातून आला होता, पण एक तृतीयांशच का, याला उत्तर नव्हतं. आजची मानकं असा आकडा देत नाहीत. ती एकच विचारतात: शेवट काय होणार याचा भरवशाचा अंदाज तुम्हाला करता येतो का? येत असेल तर टक्केवारीनं नफा घ्या. येत नसेल, जमिनीखाली खडक किती खोल आहे हेच अजून कळलं नसेल, तर खर्चातला जेवढा वसूल होईल असं वाटतं तेवढंच उत्पन्न धरा. म्हणजे नफा शून्य. अंदाज पक्का झाला की मग मागचा नफा एकदम धरला जातो.

आपल्या कंपनीनं अंदाज भरवशाचा मानला, आणि दुसऱ्या वर्षी खाडीनं तिला धडा दिला. नदीच्या पात्रातल्या तीन खांबांखाली खडक अपेक्षेपेक्षा खूप खोल निघाला. पाईलची लांबी वाढली, रिग जास्त महिने थांबली, काँक्रीट वाढलं. वर्षअखेर आजवरचा खर्च झाला ६६ कोटी. साइट इंजिनिअर आणि प्लॅनिंगवाल्यांनी उरलेलं काम नव्यानं मांडलं, तेव्हा एकूण खर्च शंभरवरून ११० कोटींवर गेला.

आता पुन्हा तोच अपूर्णांक. ६६ भागिले ११० म्हणजे ६० टक्के. आजवरचं उत्पन्न ७२ कोटी, खर्च ६६, आजवरचा नफा सहा कोटी. त्यातले पाच पहिल्या वर्षी दाखवून झालेत. म्हणून दुसऱ्या वर्षाचा नफा एक कोटी. वर्षभरात ४१ कोटींचं काम करून एक कोटी! कारण नव्या अंदाजानं बघितलं तर पहिल्या वर्षीचे पाच कोटीही जास्त ठरतात, आणि ती दुरुस्ती याच वर्षाच्या अंगावर येते. मागच्या वर्षाचे छापून झालेले हिशेब फोडायचे नसतात, कारण तेव्हाच्या माहितीवर ते बरोबरच होते. अंदाज बदलणं ही चूक नव्हे. बदललेला अंदाज लपवणं ही मात्र चूक आहे, आणि ती करायला किती सोपी आहे ते बघा.

समजा कंपनीच्या वरिष्ठांनी बैठकीत सांगितलं, ‘खडकाचं बघू, पुढच्या गर्डरच्या कामात वाचवू, एकूण खर्च शंभरच धरा.’ मग ६६ भागिले १००, काम ६६ टक्के. उत्पन्न ७९ कोटी २० लाख, आजवरचा नफा १३ कोटी २० लाख, या वर्षाचा नफा आठ कोटी २० लाख. एक कोटीच्या जागी सव्वाआठ कोटींच्या जवळपास. एकही खोटं बिल नाही, एकही बनावट पावती नाही. सिमेंट तेवढंच, मजूर तेवढेच, बँकेतला पैसा तेवढाच. बदलला तो फक्त अपूर्णांकाच्या खालचा आकडा.

माझ्या मते या सगळ्या पद्धतीचं मर्म इथं आहे. वरचा आकडा झालेल्या खर्चाचा. त्याला व्हाउचर असतात, चलनं असतात, तो तपासता येतो. खालचा आकडा अर्ध्याहून अधिक भविष्याचा असतो, आणि भविष्याचं व्हाउचर नसतं. शिवाय यातला वाकडेपणा दुहेरी आहे. खर्च वाढला की अपूर्णांकाचा वरचा आकडा वाढतो आणि काम जास्त झाल्यासारखं दिसतं. खालचा आकडा न हलवता वरचा वाढू दिला, तर ज्या खडकानं कंपनीला बुडवायला घेतलं तोच खडक कागदावर तिची प्रगती वाढवतो. म्हणूनच २०१८पासून मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या इंड एएस ११५ या मानकानं एक स्पष्ट बजावणी केली आहे. एखादा खांब काँक्रीट खराब निघालं म्हणून पाडून पुन्हा बांधला, तर त्या वाया गेलेल्या खर्चाला प्रगती समजू नये. तो सरळ नुकसानीत घालावा.

खालच्या आकड्याची पारख करायची तर एस्टिमेटच्या फायलीपाशीच जावं लागतं. चांगला ऑडिटर उरलेल्या प्रत्येक मोठ्या आयटमचं परिमाण आणि दर मागतो: किती टन सळई बाकी, आजच्या भावानं की निविदेच्या भावानं, किती महिने बाकी, त्या महिन्यांचं क्रेनचं भाडं आणि साइटचा पगार धरलाय का, सबकॉन्ट्रॅक्टरचं वाढीव मागणीचं पत्र आलंय का. मुदत लांबली आणि खर्च मात्र तेवढाच राहिला, असं एस्टिमेट दिसलं की ते ढिलं आहे हे समजावं. आणि तो गेल्या तीन-चार संपलेल्या कामांची जुनी एस्टिमेटंही काढायला लावतो. दर वेळी पहिला अंदाज शंभर आणि शेवट एकशेपंधरा झाला असेल, तर याही वेळी शंभरावर किती विश्वास ठेवायचा हे त्याला कळतं.

तिसऱ्या वर्षी आपल्या पुलाची गत आणखी बिघडते. सळईचे भाव चढतात आणि भाववाढीचं कलम त्यातला थोडाच भाग भरून देतं. कोळ्यांच्या बोटींच्या वाटेवरून वाद होऊन काम काही महिने थांबतं. आजवरचा खर्च ९६ कोटी, नवा एकूण अंदाज १२८ कोटी. किंमत १२०च. म्हणजे हे काम आता आठ कोटींच्या तोट्यात जाणार.

टक्केवारी काढली तर ९६ भागिले १२८, पंचाहत्तर टक्के. उत्पन्न ९० कोटी, खर्च ९६. आजवरचा तोटा सहा कोटी. पण इथं नियम एकदम आपला सूर बदलतो. नफा कामाच्या प्रमाणात हळूहळू घ्यायचा, तोटा मात्र दिसला त्या दिवशी पूर्ण घ्यायचा. उरलेल्या पंचवीस टक्के कामावरचे दोन कोटीही आजच धरायचे. एकूण तोटा आठ कोटी. आणि याआधी दोन वर्षांत सहा कोटींचा नफा दाखवून झालाय, तोही परत फिरवायचा. तिसऱ्या वर्षाच्या पत्रकात या एका पुलापायी १४ कोटींचा तोटा उमटतो. चौथ्या वर्षी राहिलेलं काम ३० कोटींचं उत्पन्न आणतं, ३२ कोटी खातं, आधीच बाजूला ठेवलेले दोन कोटी भरपाईला येतात, आणि हाती शून्य. पाच, एक, उणे चौदा, शून्य. बेरीज उणे आठ, काम संपल्यावर एकदाच मोजलं असतं तरी हीच आली असती. प्रश्न फक्त कुठलं वर्ष किती सोसणार याचा आहे.

हा चौदा कोटींचा खड्डा कुठल्याही संचालक मंडळाला झोंबतो, आणि तो बुजवण्याचा एक आवडता मार्ग आहे. ‘खडक खोल निघाला हा निविदेतल्या बोअरिंगच्या माहितीचा दोष, विभागाकडून दहा कोटींचा क्लेम मिळणारच आहे.’ तो क्लेम किमतीत मिळवला की किंमत १३० कोटी होते, खर्च १२८, आणि तोट्यातलं काम पुन्हा दोन कोटींच्या नफ्यात. मग पूर्ण तोटा आजच धरण्याचा नियम लागतच नाही. पंचाहत्तर टक्क्यांनी आजवरचं उत्पन्न साडेसत्त्याण्णव कोटी आणि आजवरचा नफा दीड कोटी, असं गोंडस पत्रक तयार होतं. खरं तर असे क्लेम वर्षानुवर्षं चालतात, लवादाकडे जातात, मग कोर्टात. मानकांची अट कडक आहे: मागणी मान्य होण्याकडे बोलणी पोचलेली हवीत, आणि धरलेली रक्कम पुढं मोठ्या प्रमाणात परत फिरवावी लागणार नाही याची दाट खात्री हवी. आपण पत्र पाठवलं, एवढ्यावर उत्पन्न होत नाही.

हे सगळं मोठ्या प्रमाणावर कसं घडतं हे इंग्लंडमधल्या कॅरिलियन या कंपनीनं दाखवलं. रुग्णालयं, रस्ते, सरकारी सेवा अशी कामं करणारी ही बलाढ्य ठेकेदार कंपनी १५ जानेवारी २०१८ रोजी बुडाली. तिच्याकडे लिव्हरपूलमधल्या नव्या रॉयल रुग्णालयाचं काम होतं, किंमत ३३.५ कोटी पौंड. बांधकामात तुळयांना भेगा निघाल्या, काम रखडलं. नोव्हेंबर २०१६मध्ये कंपनीच्याच माणसांनी केलेल्या अंतर्गत तपासणीत या कामावर १२.७ टक्के तोटा होणार असं दिसलं. वरिष्ठांनी तो अंदाज बाजूला सारला आणि २०१६चे हिशेब ४.९ टक्के नफा होईल असं धरून बंद केले. ब्रिटिश संसदेच्या समित्यांनी मे २०१८मधल्या अहवालात ही हकिगत मांडली. या एका रुग्णालयाच्या अंदाजातल्या फरकानं कंपनीच्या नफ्यात सुमारे ५.३ कोटी पौंडांचा फरक पडला होता.

नफा दिसतोय म्हणून लाभांश वाटला गेला. २०१६साठी एकूण ७.९ कोटी पौंड, आणि त्यातला शेवटचा मोठा हप्ता जून २०१७मध्ये. त्यानंतर जेमतेम महिन्यानं, १० जुलै २०१७ला, कंपनीनं जाहीर केलं की आपल्या कंत्राटांवर ८४.५ कोटी पौंडांची तरतूद करावी लागेल. तोट्याच्या नियमाचं हेच स्वरूप आहे. वर्षानुवर्षं थोडा थोडा करून घेतलेला नफा परत फिरतो तो एका फटक्यात. कंपनीच्या ऑडिटर केपीएमजीला पुढं २०२३मध्ये ब्रिटनच्या नियामकानं २.१ कोटी पौंडांचा दंड केला. रुग्णालय २०१७मध्ये उघडायचं होतं, ते उघडायला २०२२ साल उजाडलं.

बाहेर बसलेल्या माणसाला, म्हणजे शेअर घेणाऱ्याला किंवा ठेकेदाराला उधारीवर खडी आणि डिझेल पुरवणाऱ्याला, यातलं काही आधी कळू शकतं का? एस्टिमेटची फाईल त्याच्या हाती येत नाही. पण ते सहा कोटींचं अनबिल्ड रेव्हेन्यू आठवा. दुसऱ्या वर्षअखेर आपल्या पुलाची एकूण ६८ कोटींची बिलं पास झाली असं धरू. अंदाज प्रामाणिक असता तर उत्पन्न ७२ कोटी, न बिललेलं चार कोटी. अंदाज दाबला तर उत्पन्न ७९ कोटी २० लाख, आणि न बिललेलं ११ कोटी २० लाख. फुगवलेले सात कोटी २० लाख जसेच्या तसे तिथं जाऊन बसले, कारण विभागाचा अभियंता कंपनीच्या अंदाजावर सही करत नाही, मोजमापावर करतो. कंपनीच्या कल्पनेतलं काम बिलात येऊच शकत नाही. म्हणून ठेकेदार कंपनीच्या ताळेबंदात उत्पन्न दहा टक्क्यांनी वाढलं आणि न बिललेली रक्कम पन्नास टक्क्यांनी, असं दिसलं की टिपणं वाचायला बसावं. दोन-तीन वर्षं नफा आहे पण कामकाजातून रोकड येत नाही, कर्ज वाढतंय, हेही त्याच रोगाचं लक्षण. अर्थात एखाद्या वर्षी विभागाकडे निधीच नव्हता म्हणून बिलं अडली, असंही होतं, आणि आपल्याकडे ते नेहमीचंच आहे. तेव्हा एका वर्षावरून निकाल देऊ नये. पण पास न झालेली बिलं आणि पास होऊन थकलेली बिलं ताळेबंदात वेगवेगळ्या ओळींत दिसतात. निधी नसेल तर दुसरी ओळ फुगते. अंदाज फुगला असेल तर पहिली.

पुलाचा हा न्याय फ्लॅटला लागतो का? पुष्कळांना तसं वाटतं, कारण बिल्डरही वर्षानुवर्षं बांधतो आणि प्लिंथ, स्लॅब, प्लास्टर अशा टप्प्यांवर पैसे घेतो. भारतातले बिल्डर पूर्वी बांधकामाच्या टक्केवारीनंच उत्पन्न धरत, सनदी लेखापाल संस्थेच्या २०१२च्या मार्गदर्शनानुसार काही किमान अटी पाळून: बांधकाम खर्च निदान पाव झालेला, विक्रीयोग्य क्षेत्र निदान पाव विकलेलं, करारांची किमान दहा टक्के रक्कम आलेली. इंड एएस ११५नं प्रश्नच बदलला. पूल सरकारच्या ताब्यात बांधला जातो, ठेकेदार मध्येच निघून गेला तरी खांब सरकारचाच. अर्धवट फ्लॅटचा ताबा मात्र बिल्डरकडेच असतो. मग करार असा हवा की बिल्डरला तो फ्लॅट दुसऱ्याला देता येणार नाही, आणि गिऱ्हाईक मागं फिरलं तरी आजवरच्या कामाचा मोबदला नफ्यासकट मागण्याचा कायदेशीर हक्क बिल्डरला आहे. असा हक्क नसेल तर नफा ताबा देतानाच. २०१८नंतर शेअर बाजारातल्या अनेक बिल्डर कंपन्या त्यामुळं ताब्याच्या पद्धतीकडे वळल्या. त्यांची विक्री धडाक्यात चालू असूनही नफा-तोटा पत्रक सुस्त दिसतं, आणि एखादा मोठा टॉवर ज्या तिमाहीत ताब्यात देतात त्या तिमाहीत आकडा उसळतो. पुलासाठी जी उसळी नको म्हणून टक्केवारी आणली, ती फ्लॅटच्या बाबतीत नियमानंच परत आली आहे.

राहिलं आयकर खातं. तेही ठेकेदाराला शेवटपर्यंत थांबू देत नाही. १९६१च्या आयकर कायद्यात २०१८ साली घातलेल्या कलम ४३सीबीनं बांधकाम कंत्राटाला टक्केवारीची पद्धत सक्तीची केली. करासाठीच्या उत्पन्न गणना मानकात कामाची सुरुवातीची, नफा न धरण्याची अवस्था जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांपर्यंत ताणता येते, त्यापुढं नाही. पण खात्याचा तोट्याबद्दलचा दृष्टिकोन वेगळा आहे. पुढं होणारा तोटा आजच धरायला ते मान्यता देत नाही. तोटाही कामाच्या टक्केवारीनंच. त्यामुळं आपल्या पुलाच्या तिसऱ्या वर्षी वहीत चौदा कोटींचा तोटा असतो आणि कराच्या विवरणात बारा कोटींचा. उरलेले दोन कोटी चौथ्या वर्षी वजा मिळतात.

शिवाय बिलातून कापून ठेवलेली अनामत रक्कम, जी पुलाच्या दोषदायित्वाचा काळ संपल्यावरच ठेकेदाराच्या हाती पडते, तीही उत्पन्नातच मोजायची असं ते कलम सांगतं. तोट्यातल्या पुलावर याची झळ लागत नाही. फायद्यातल्या कामावर मात्र ठेकेदार आज त्या पैशांवर कर भरतो, आणि मग पावसाळ्यामागून पावसाळा एक्सपान्शन जॉइंट गळतोय का, हे बघायला माणूस पाठवत राहतो.